निळ्या झाडांचा पडदा

आमचं घराणं रफूगारांचं. कोल्हापुरात तेव्हा रफूची दोन-तीनच घरं होती, आणि त्यात आमचं पहिलं असं मीच सगळ्यांना सांगत सुटायची. वडिलांना आम्ही अब्बा म्हणायचो. त्यांच्या हाताखाली शाली, शेरवान्या, दरबारी कोट, हत्तीच्या पाठीवरच्या झुलीसुद्धा येऊन गेल्या होत्या. मी सांगतेय ते दिवस सत्तरच्या दशकातले. टेरिकॉट आलं होतं, आणि टेरिकॉटला रफू लागत नाही. ते फाटत नाही, आणि जळलं तर सरळ वितळतं. त्यामुळं काम कमी आणि माझा पारा चढलेला, असे ते दिवस. अब्बांच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरला होता. ते उंबऱ्याजवळ बसून नुसत्या बोटांनी कापड चाचपायचे आणि मला म्हणायचे, "डोळं असून तू घाई करतीस. मला न्हाईत म्हणून मी सावकाश बघतुय."

हे वाक्य मी शंभरदा ऐकलं होतं. ऐकून सोडून दिलं होतं.

एका गुरुवारी मुलींच्या शाळेतली शिपाईबाई आमच्या दारात आली. चाळिशीतली, काटक, बोलताना पदर घट्ट ओढून घेणारी. तिच्या मुख्याध्यापिकांनी बोलावलं होतं. शाळेच्या सभागृहात भिंतीवर एक मोठा विणलेला पडदा होता, चित्राचा. संस्थानं गेली, एका सरदाराचा बंगला विकला गेला, आणि त्यातलं सामान वाटलं गेलं तेव्हा तो शाळेकडं आला. आता सभागृहाला रंग द्यायचा होता. संस्थेच्या मंडळींचं म्हणणं असं की पडदा परदेशी यंत्रावरचा आहे, कापून सभागृहातल्या खुर्च्यांना चढवू, कापड दणकट आहे. पण ही शिपाईबाई अठरा वर्षं एकच गोष्ट सांगत होती: तो पडदा तिच्या बापानं त्या सरदाराकडं विणलाय. लोक हसायचे. शेवटी मुख्याध्यापिका म्हणाल्या, एकदा कोणा जाणत्याला दाखवून टाकू. हातानं विणलेला निघाला तर ठेवू, यंत्राचा निघाला तर कापू.

"माझा बाप आलाय शिरोळास्नं," ती म्हणाली. "माझ्याकडंच उतरलाय, बावड्याला. आज शाळंत आणून बसवलाय. तुम्ही बघा आणि काय ते खरं सांगा, ताई. त्यो खोटं बोलत न्हाई."

मी पिशवीत भिंग, सुई आणि उसवायचं पातं टाकलं आणि निघाले. अब्बा विचारत होते कुठला पडदा, कसला पडदा. आल्यावर सांगते म्हणाले आणि चपला घातल्या.

मुख्याध्यापिका सभ्य बाई होत्या, पण मला बघून म्हणाल्या, "रफू करतात त्या तुम्हीच का? मला वाटलं कुणी मोठे कारागीर येतील." झालं. माझं डोकं तिथंच फिरलं. आता हिला दाखवतेच, एका नजरेत सांगते की नाही बघ, असं मी मनात म्हटलं. माणसाचं वाटोळं अशाच वाक्यांनी होतं.

पडदा होता मात्र बघण्यासारखा. पुरुषभर उंच, त्याच्या दीडपट लांब. चित्रात विहीर, विहिरीवर मोट, मोटेचे दोन बैल डावीकडं निघालेले, मागं झाडांची गर्दी आणि पलीकडं रान. भोवती निळ्या-पांढऱ्या नक्षीची किनार. गंमत म्हणजे झाडं सगळी निळी होती. गवत निळं, ऊस निळा. शाळेतल्या मुली त्याला चांदण्यातला पडदा म्हणायच्या.

खाली बाकावर म्हातारा बसला होता. डोक्याला पटका, गुडघे वर, दोन्ही हातांची बोटं वाकडी झालेली. मुख्याध्यापिका त्याला म्हणाल्या, "बाबा, बघा बरं नीट. हाच का तुमचा?"

म्हातारा उठला. मागं सरकला, पुढं गेला, मान वाकडी केली. मग म्हणाला, "झाडं निळी न्हवती की."

तो अजून एक पाऊल जवळ गेला.

"झाडं हिरवी हुती. आणि बैल उजवीकडं जात हुतं. ह्यो उलटा कसा झाला?" त्यानं परत बघितलं. "पर माझाच हाय. असंल. माझाच असायला पायजे."

मुख्याध्यापिकांनी माझ्याकडं बघितलं. त्या नजरेचा अर्थ मला कळला आणि मला तो आवडला, हे आज कबूल करते. ज्याला स्वतःचं काम ओळखू येत नाही, त्याचं ते काम नव्हेच, असं माझंही झालं.

तरी मी रीतीप्रमाणं पाठ बघायची म्हटलं. कापडाचं तोंड खोटं बोलतं, पाठ बोलत नाही, हे आमच्या घरात पोरगं चालायला लागायच्या आधी शिकवतात. हातानं विणलेल्या चित्रात प्रत्येक रंगाचा धागा आपल्या वाटणीच्या जागेतच जातो आणि तिथूनच परत फिरतो. पान हिरवं असेल तर हिरवा धागा पानापुरताच. शेजारचा रंग सुरू झाला की तो थांबला. म्हणून पाठीमागं जागोजागी धाग्यांची टोकं लोंबतात. यंत्राला असलं थांबणं जमत नाही. यंत्रावर सगळे रंग या काठापासून त्या काठापर्यंत धावतात. जो रंग तोंडावर नको असेल तो पाठीमागून पट्ट्यासारखा पळतो. शिवाय यंत्राचं एक पान दुसऱ्या पानासारखंच, धाग्याला धागा मोजून घ्या. हाताचं तसं कधीच होत नाही.

पडद्याला मागून जाड अस्तर शिवलेलं होतं आणि तो वर पक्क्या पट्टीला ठोकलेला होता. खाली उतरवायला गड्यांची गरज, आणि गडी रविवारशिवाय मिळणार नव्हते. मी म्हटलं, कशाला? उजवा खालचा कोपरा हाताला येतोय, तिथंच वीतभर अस्तर उसवते.

उसवलं. भिंग लावलं. पाठीमागं निळे आणि पांढरे धागे सरळ, एका ओळीत, आडवे धावत होते. टोक नाही, गाठ नाही. किनारीतली चार पानं मोजली. चारही पानांत धागे सारखे.

"यंत्राचा आहे," मी म्हटलं. मोठ्यानं म्हटलं. उचलली जीभ आणि लावली टाळ्याला.

शिपाईबाईनं बापाकडं बघितलं नाही, माझ्याकडंही बघितलं नाही. तिनं फडकं उचललं आणि खिडकी पुसायला लागली. म्हातारा मात्र माझ्याकडं बघत राहिला. रागानं नव्हे. मला वाटतं त्याला स्वतःचाच संशय यायला लागला होता. चाळीसेक वर्षांपूर्वीची गोष्ट, तीही अशी उलटी आणि निळी समोर आलेली. त्यानं आपली वाकडी बोटं एकदा बघितली आणि म्हणाला, "यंत्राचा. बरं." मग पाणी मागितलं.

मी सन्मानानं चहा पिऊन घरी आले.

संध्याकाळी चुलीपाशी बसून अब्बांना सगळं रंगवून सांगितलं. मुख्याध्यापिका कशा बोलल्या, मी कसं एका कोपऱ्यात ओळखलं. अब्बा ऐकत होते. मोट, बैल, झाडं ऐकताना त्यांची मान हलत होती. मध्येच त्यांनी विचारलं, "किनार कसली?"

"निळी-पांढरी, पानांची."

"कोपरा कुठला उसवलास?"

"उजवा. खालचा."

अब्बांनी कापड चाचपावं तशी आपली बोटं एकमेकांवर घासली. मग म्हणाले, "त्यो कोपरा माझा हाय, बेटा."

मला समजेना.

"त्या बंगल्यावर उंदरांनी खाल्लेला. वीत-दीड वीत. पावणं यायचं हुतं, तीन दिवस दिलं मला. तसली लोकर न्हाई, वेळ न्हाई. सरदाराच्या खुर्च्यांचं विलायती कापड उरलेलं, यंत्रावरचं. त्याच्यात असलीच पानं हुती. तुकडा काढला, चहाच्या पाण्यातनं बुडवून पांढरं जरा मळकट केलं, आणि मूळच्या पडद्याला धाग्याला धागा जोडला. नीळ म्हंजी नीळ. हातची असू दे न्हाईतर कारखान्याची, सारखीच उतरती. तिथं हिरवं असतं तर धा वर्षांत माझं बिंग फुटलं असतं."

"पण जोड मला दिसला कसा नाही? मी भिंग लावलं होतं अब्बा."

"दिसला असता तर मी कसला रफूगार?" ते म्हणाले, आणि हसले नाहीत.

खरं सांगते, त्या क्षणी मला आधी लाज नाही वाटली. आधी मी थक्क झाले. एवढी वर्षं ज्यांच्या शेजारी बसून शिकले, त्यांचाच टाका भिंगाखाली असून मला परका कारखाना वाटला. आमचा मान यातच असतो, की आमचं काम कुणाला सापडू नये. आणि तेच काम मला नडलं होतं. दुसऱ्या कुठल्या जाणत्यानं फसावं तसं नाही, एका रफूगारानं दुसऱ्या रफूगाराच्या हातून फसावं तशी मी फसले होते.

मग लाज आली, आणि आली ती चांगली घागरभर आली. मी त्या म्हाताऱ्याला त्याच्या लेकीसमोर खोटं पाडलं होतं.

"आणि झाडं निळी कशी?" मी विचारलं. "म्हातारा म्हणतो हिरवी होती."

अब्बांनी माझ्याकडं तोंड केलं. दिसत नसलं तरी रागानं बघायची त्यांची ढब शाबूत होती. "लुगड्यावर हळद सांडली तर काय करतीस?"

"धुऊन उन्हात टाकते."

"आणि?"

"डाग उडून जातो."

एवढं मी बोलले आणि कपाळावर हात मारून घेतला. जुनं हिरवं म्हणजे निळीत बुडवून वर पिवळं चढवलेलं. पिवळं उन्हानं उडतं, नीळ मागं राहते. हे मला माहीत नव्हतं असं नाही. अठरा वर्षं सभागृहाच्या खिडक्यांसमोर आणि त्याच्याआधी बंगल्याच्या उजेडात तो पडदा टांगलेला. विटलेला रंग ओळखण्याचे मी लोकांकडून पैसे घेत होते, आणि निळी झाडं बघून मला वाटलं परदेशात अशीच काढत असतील. जळलं माझं शहाणपण.

शुक्रवारी सकाळी अब्बांना टांग्यात घालून शाळेत गेले. मनात हिशेब असा, की गडी रविवारी, म्हणजे अजून दोन दिवस हातात आहेत. बघते तर पडदा उतरवलेला. संस्थेच्या मंडळींना घाई झाली होती, त्यांनी बाहेरून गडी आणले होते. सभागृहाच्या फरशीवर तो तोंडाच्या बाजूनं पालथा पसरला होता, वर अस्तर, आणि अस्तरावर खडूच्या रेघा आखलेल्या. खुर्च्यांचं काम करणारा शिंपी कात्री शेजारी ठेवून चहा पीत बसला होता.

"कात्री उचलू नका, दादा," मी म्हटलं. "मी चुकलेय."

शिंप्याला काय, त्यानं बशीत अजून चहा ओतला. मुख्याध्यापिका आल्या. मी त्यांना सांगितलं की काल जे बोलले ते माघारी घेते. त्या म्हणाल्या, "अहो बाई, एका दिवसात कापड बदलतं का?" अब्बा मध्ये पडले. "कापड न्हाई बदललं. माझी पोर बदलली," ते म्हणाले. मग सगळं सांगितलं, उंदीर, पाहुणे, खुर्चीचं कापड. त्यांनी वाकून कोपऱ्यापासून अस्तरावरून हात फिरवायला सुरुवात केली आणि एका जागी थांबले. "हितं उसव."

आमच्या घरात एक रीत आहे. मोठं काम केलं की पाठीमागं, जिथं जोड सुरू होतो तिथं, एक काळा धागा सोडायचा. गिऱ्हाइकासाठी नव्हे. उद्या दुसऱ्या रफूगारानं उघडलं तर त्याला कळावं की इथं आपल्यातलाच एक येऊन गेलाय. मी उसवलं. काळा धागा होता. माझ्या कालच्या उसवण्यापासून जेमतेम चार बोटं पुढं. काल अजून चार बोटं पातं चालवलं असतं तर पुढचं काहीच झालं नसतं.

मुख्याध्यापिकांनी तो धागा स्वतः बघितला. मग त्या पदर खोचून खालीच बसल्या आणि म्हणाल्या, "सगळंच उसवा."

शिपाईबाई दारात उभी होती. मी तिला म्हटलं, "तुझ्या वडिलांना घेऊन ये." तिनं मान फिरवली. पण गेली.

अस्तर काढायला दोनेक तास लागले. शिंपीही हाताला लागला. त्याच्याकडं दुसरं कामच नव्हतं. शेवटची शिवण सुटली, आम्ही चौघांनी चार कोपरे धरून अस्तर ओढलं, आणि मी तिथंच हात सोडून उभी राहिले.

हिरवं. काय हिरवं होतं ते! आंब्याच्या नव्या पानांचं वेगळं, उसाचं वेगळं, विहिरीच्या कडेच्या शेवाळाचं वेगळं. अस्तराखाली चाळीस वर्षं उजेड न लागलेलं. मातीचा रंग लाल, बैलांच्या झुली पिवळ्याधमक, पाण्याच्या मोटेवर एक बारीक केशरी रेघ, जी तोंडावर कुणी कधी बघितलीच नव्हती. आणि सगळीकडं, इकडून तिकडं, धाग्यांची टोकं. हजारो. हिरवा पानापाशी थांबलेला, लाल मातीपाशी वळलेला. मी उभ्या आयुष्यात एवढं कापड बघितलं, पण असं हिरवं नाही. मुख्याध्यापिका तर डोळे पुसत होत्या. शिंपी म्हणाला, "आयला, ह्ये मी कापणार हुतो," आणि त्यानं कात्री उचलून पिशवीत घातली.

अब्बा विचारत होते, "काय झालं? हिरवं हाय का?" मी त्यांना हात धरून बसवलं आणि म्हटलं, "अब्बा, सगळं हिरवं आहे."

तेवढ्यात म्हातारा आला. लेकीनं दंडाला धरलं होतं. तो दारातून दोन पावलं आत आला आणि थबकला. मग लेकीचा हात सोडवून घेतला आणि पडद्याच्या कडेकडेनं चालायला लागला. डोक्याकडून नाही, पायाकडून नाही. तो आखूड बाजूला गेला, चित्र जिथून आडवं दिसेल तिथं, आणि फरशीवर मांडी घालून बसला.

"हितनं," तो म्हणाला. "मी हितं बसायचो."

मग त्यानं सांगितलं, आणि माझ्या डोक्यात एकेक कोडं सुटत गेलं. सरदार परदेशी जाऊन आला होता. त्यानं बंगल्याच्या मागं हातमाग बसवला, शिकवायला एक मास्तर आणला. असं चित्र विणताना ते आडवं पाडून विणायचं. चित्राचा कागद मागावर ताणलेल्या ताण्याच्या धाग्यांखाली बांधायचा. विणकर बसतो तो पाठीच्या बाजूला. टोकं त्याच्याकडं, तोंड खाली. म्हणजे त्याला चित्र दिसतं ते उलटं. बैल उजवीकडं जाणारे. आणि तेही सगळं नव्हे. हातभर विणून झालं की ते गुंडाळून मागाच्या तुळईवर जातं. समोर कायम हातभरच. दोन वर्षं तो विणत होता. संपलं त्या दिवशी मास्तरानं कापून गुंडाळी उचलली आणि बंगल्यात नेली. नोकरांना बंगल्याच्या दिवाणखान्यात जायची मुभा नव्हती.

"म्हणजे तुम्ही सगळा पडदा कधी बघितलाच नाही?" मी विचारलं.

"आत्ता बघतुय की," तो म्हणाला.

मी त्याच्या पाया पडले. म्हटलं, "बाबा, काल मी चुकीचं बोलले. पडदा तुमच्या हातचा आहे." तो म्हणाला, "मलाबी काल तसंच वाटलं बघ, माझा न्हवं म्हणून. तुझा काय दोष?" माझा दोष कसा नाही? पण म्हातारी माणसं अशी सोडून देतात आणि आपल्याला मग आयुष्यभर ते पुरतं.

तोपर्यंत अब्बा गुडघ्यांवर पुढं सरकत सरकत पडद्यावर पोचले होते. दोन्ही हातांची बोटं टोकांवरून फिरत होती. कोपऱ्यातून मध्यावर आले, मध्याच्या थोडं पुढं गेले आणि थांबले. मागं गेले. पुन्हा पुढं आले.

"हितं दुसरा माणूस बसलाय," ते म्हणाले.

म्हाताऱ्यानं मान वर केली नाही.

"एवढी वीतभर पट्टी. वरपास्नं खालपर्यंत. हितं ठोकायचा पंजा जोरात मारलाय, बाण्याचा धागा दाबून बसलाय. अलीकडं मऊ, पलीकडं मऊ. बेटा, मोज."

मी भिंग लावून बोटाच्या रुंदीतले धागे मोजले. अलीकडं अठरा, पलीकडं अठरा-एकोणीस, आणि त्या पट्टीत चोवीस. टोकंही निराळी. म्हातारा आपली टोकं लांब सोडून द्यायचा. त्या पट्टीत ती आखूड, आत खोचलेली, घर आवरल्यासारखी. हातमागाचं असंच असतं. आपण कोण, कसे, सैल की घट्ट, ते कापड लिहून ठेवतं. यंत्राचा पहिला हात आणि शेवटचा हात एकच.

"बाबा," मी हळूच विचारलं, "तुमच्याबरोबर कोण होतं?"

म्हातारा लेकीकडं न बघता बोलला. "मला ताप आलता. तीन आठवडं. हाताला काय लागंना. मास्तर म्हणला हुता, काम थांबलं तर दुसरा माणूस लावीन. बायामाणसाला मागावर बसायची परवानगी न्हवती तिथं. पर ती विणकराच्या घरची. माझ्या धाग्याच्या कांड्या तीच भरून द्यायची, बसल्या बसल्या बघायची. दुपारी मास्तर जेवून झोपला की यायची आणि बसायची. मी दाराशी पडून असायचो, कोण येतंय का बघत." त्यानं पटका सारखा केला. "कुणाला बोललो न्हाई. तेव्हा भ्यालो म्हणून. मागनं सगळ्यांस्नी सांगत सुटलो, मी विणला, मी विणला. मग आता मधीच कसं सांगायचं? ऱ्हाऊन गेलं."

"कोण?" शिपाईबाईनं विचारलं. तिला कळलं होतं, तरी विचारलं.

"तुझी आय," तो म्हणाला.

तिची आई ती रांगत होती तेव्हाच वारलेली. घरात फोटो नाही, लुगडं नाही, काही नाही. हे ती कधीतरी मागाहून मला बोलली. त्या वेळी ती एवढंच म्हणाली, "अठरा वर्सं मी ह्याच्यावरची जळमटं काढत्ये." आणि चपला काढून पडद्यावर आली, गुडघे टेकून बसली.

"कुठनं कुठवर?" तिनं विचारलं.

म्हाताऱ्याला ते सांगता येईना. मग अब्बांनी तिचा हात शोधला, तळवा उघडून त्या हिरव्यावर टेकवला, आणि सावकाश सरकवत नेला. "हितनं," ते म्हणाले, "ते हितवर."